‘तीन किलोवॅट’ म्हणजे नेमके किती? घरच्या सोलरची कोटेशने वाचताना

दिवाळी झाली आणि छतावर सोलर बसवायचे आमचे नक्की ठरले. साताऱ्यात आमचे दुमजली घर आहे, वर मोकळा स्लॅब आहे आणि उन्हाला तोटा नाही. आठवड्याभरात दोन कोटेशने हातात आली. दोन्हींवर वर ठळक अक्षरात ‘३ किलोवॅट ऑन-ग्रिड सोलर सिस्टीम’, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला संच, असेच लिहिलेले होते. एकाचा ‘सबसिडी वजा जाता’ आकडा होता १,०२,००० रुपये, दुसऱ्याचा १,३२,५३०. घरातल्या सगळ्यांचा कल साहजिकच पहिल्याकडे होता. मी पतसंस्थेत हिशेब पाहते. शेवटच्या रकमेवर विश्वास ठेवण्याआधी ती कशी तयार झाली ते पाहायची सवय हाताला लागलेली आहे. म्हणून दोन्ही कागद घेऊन एका रविवारी टेबलावर बसले. तो रविवार आणि पुढचे पंधरा दिवस त्यातच गेले.

सुरुवात मी कोटेशनपासून केली नाही, विजेच्या बिलापासून केली. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो. त्यावरून बारा महिन्यांचे आकडे वहीत उतरवले. मे महिन्यात ५२० युनिट, थंडीत तीनशेच्या आतबाहेर, वर्षाची बेरीज ४,२६०. आपल्याकडे नीट बसवलेला एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे वर्षाला चौदाशेच्या आसपास. उन्हाळ्यात यापेक्षा जास्त मिळतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत निम्म्यावर येतात. ४,२६० ला १,४०० ने भागले की तीन किलोवॅटच्या थोडे पुढे उत्तर येते. मुलीसाठी विजेवरची स्कूटर घ्यायची होती, तिचे महिन्याला तीसेक युनिट धरले तर वर्षाची गरज ४,६०० च्या घरात जात होती. हा आकडा हाताशी ठेवून मग कागद उघडले.

पहिल्या कोटेशनच्या तिसऱ्या पानावर साहित्याची यादी होती. सोलर पॅनेल ५४० वॅट, नग ५. इन्व्हर्टर ३ किलोवॅट, नग १. पाच गुणिले पाचशे चाळीस म्हणजे २,७०० वॅट. पहिल्या पानावरचा ‘तीन किलोवॅट’ हा इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलांची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा, आकडा होता. वीज तयार करणारी पॅनेले पावणेतीनसुद्धा नव्हती.

मी फोन केला. विक्री पाहणारा तरुण अदबीने बोलला. “ताई, सिस्टीम तीनचीच आहे. इन्व्हर्टर तीनचा असला की सिस्टीम तीनची म्हणतात.”

“पण पॅनेल २.७ ची असतील तर इन्व्हर्टरमधून तीन निघणार कुठून?”

“तेवढा फरक पडत नाही ताई. पुढे एखादे पॅनेल वाढवायला जागा राहते.”

फरक पडतो, आणि तो दोन ठिकाणी पडतो. एक तर रोजच्या विजेत. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात. तिथे पॅनेलच्या आतल्या सेलचे तापमान २५ अंश धरलेले असते. आपल्या स्लॅबवर एप्रिलच्या दुपारी सेल साठ अंशांपर्यंत सहज तापतो, आणि दर अंशामागे पॅनेलची ताकद साधारण ०.३५ टक्क्याने घटते. पस्तीस अंश जास्त म्हणजे बारा टक्के गेलेच. वर धूळ आणि वायरीतली घट. म्हणून २,७०० वॅटची पॅनेले प्रत्यक्षात फार तर सव्वादोन-अडीच किलोवॅट देतील आणि तीनचा इन्व्हर्टर कधीच पूर्ण भरणार नाही. दुसऱ्या कोटेशनमध्ये ५४५ वॅटची सहा पॅनेले होती, म्हणजे ३,२७० वॅट, आणि इन्व्हर्टर तोच तीनचा. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा जास्त कशी, असे आधी मला खटकले होते. वरचा हिशेब मांडल्यावर कळले की ही जोडी जास्त शहाणपणाची आहे. ३,२७० मधून बारा टक्के वजा केले तर २,८७७ उरतात, आणि ते तीनच्या इन्व्हर्टरमध्ये मावतात.

दुसरा फरक पडतो अनुदानात, आणि तो पहिल्या कोटेशनमध्ये सरळ चुकीचा मांडलेला होता. ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. तीन किंवा त्याहून कितीही जास्त क्षमता बसवली तरी कमाल ७८,०००. इथवर सगळेच विक्रेते सांगतात. न सांगितलेला भाग असा, की अनुदानासाठी क्षमता मोजताना पॅनेलांची बेरीज आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा लहान तो धरतात. पहिल्या कोटेशनमधला लहान आकडा २.७ होता. दोन किलोवॅटचे ६०,००० आणि उरलेल्या ०.७ चे १२,६०० मिळून ७२,६०० झाले. कोटेशनने मात्र ७८,००० वजा करून दाखवले होते. त्या ५,४०० रुपयांची तूट शेवटी आमच्याच खिशातून गेली असती, आणि ती सगळे बसवून झाल्यावर, खात्यात रक्कम आल्यानंतर कळली असती.

आता मी दोन्ही कागद एका मापात आणले. ‘किलोवॅटमागे किती’ हा प्रश्न सोडून दिला आणि संपूर्ण रकमेला पॅनेलांच्या एकूण वॅटने भागले. पहिल्याची जीएसटीसह एकूण रक्कम १,८०,००० होती. भागिले २,७००, म्हणजे वॅटला साधारण ६६ रुपये ७० पैसे.

दुसऱ्याची मूळ किंमत १,८५,००० होती आणि तिच्यावर १३.८ टक्के जीएसटी लावून २,१०,५३० केलेले होते. हा १३.८ चा आकडा मला ओळखीचा वाटला नाही. सोलरच्या कामात सत्तर टक्के रक्कम वस्तूची आणि तीस टक्के सेवेची धरून दोन दरांनी कर लावतात. वस्तूचा दर बारा होता तेव्हा मिळून १३.८ येत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तूवरचा दर पाच टक्के झाला, सेवेचा अठराच राहिला, त्यामुळे एकूण ८.९ यायला हवे. विक्रेत्याने जुना नमुना तसाच वापरला होता. फोनवर सांगितल्यावर त्यांनी लगेच मान्य केले आणि दुसऱ्या दिवशी २,०१,४६५ चा सुधारित कागद पाठवला. नऊ हजारांहून जास्त फरक एका ओळीत होता. नव्या रकमेला ३,२७० ने भागले तर वॅटला ६१ रुपये ६० पैसे. म्हणजे वर वर महाग दिसणारे कोटेशन मापात स्वस्त होते. खरे अनुदान वजा केल्यावर आमच्या खिशातून पहिल्यासाठी १,०७,४०० आणि दुसऱ्यासाठी १,२३,४६५ जाणार होते. सोळा हजार जास्त, पण त्यात ५७० वॅटची जादा पॅनेले, म्हणजे वर्षाला आठशेच्या आसपास युनिट.

ते आठशे युनिट आम्हाला खरेच हवे होते का, हा प्रश्न नेट मीटरिंगकडे घेऊन गेला. माझ्या मते कोटेशन वाचताना सगळ्यात कमी लक्ष इथेच दिले जाते, कारण बहुतेक कागदांवर एवढेच असते : ‘नेट मीटरिंग समाविष्ट’.

नेट मीटर घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजतो. दुपारी घरात कोणी नसताना पॅनेलांची वीज बाहेर जाते, रात्री आपण ती परत घेतो, आणि बिल दोन्हींच्या फरकाचे येते. बाहेर गेलेले युनिट जास्त झाले तर ते पुढच्या महिन्याच्या खाती जमा राहतात. पण ही जमा कायमची नसते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते तेव्हा उरलेल्या युनिटांचा हिशेब ठरलेल्या दराने पैशांत मिटवतात, आणि तो दर आपण वीज विकत घेतो त्या दराच्या मानाने फारच कमी असतो. एक एप्रिलला खाते पुन्हा शून्यावर येते.

तारीख लक्षात घेतली की मर्म कळते. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून आकाश स्वच्छ असते आणि घरात पंखेही फारसे लागत नाहीत, त्यामुळे जमा वाढत जाते. ती सर्वांत मोठी असते मार्चअखेर, आणि नेमकी तेव्हाच, मे महिन्याच्या ५२० युनिटांच्या तोंडावर, मिटवली जाते. म्हणून संच एवढाच मोठा हवा की मार्चअखेर फार काही शिल्लक राहू नये. दुसऱ्या विक्रेत्याने “पाचचाच घ्या ना, छत मोठे आहे” असे सुचवले होते. पाच किलोवॅट वर्षाला सात हजार युनिट देतील. आमची गरज ४,६०० ची, म्हणजे चोवीसशे युनिट दरवर्षी स्वस्तात जाणार, आणि वरच्या दोन किलोवॅटना अनुदानाचा एक रुपया नाही. ते सुचवणे मी तिथेच बाजूला ठेवले.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे पाहावी लागली. घरगुती बिलात टप्पे असतात : शंभरपर्यंत एक दर, शंभर ते तीनशे त्याहून बराच जास्त, तीनशे ते पाचशे आणखी जास्त. सोलरमुळे युनिट कमी होतात ते वरच्या, महाग टप्प्यातून आधी. त्यामुळे पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो आणि शेवटचा सर्वांत कमी. स्कूटर घ्यायची नसती तर पहिल्या संचाचे ३,७८० युनिट पुरेसे ठरले असते. उरलेले चाळीसेक युनिट महिन्याला सगळ्यात स्वस्त टप्प्यात भरले असते, आणि पाच पॅनेलांचा निर्णय वाईट नव्हता. फक्त तो २.७ चा संच म्हणून, २.७ च्या भावात आणि २.७ च्या अनुदानाने विकायला हवा होता. आमच्याकडे स्कूटर येणार होती, म्हणून सहा पॅनेलांचा हिशेब जुळला.

पहिल्या कोटेशनमध्ये शेवटी बचतीचा एक रंगीत तक्ताही होता. त्यात महिन्याला ४५० युनिट निर्मिती धरली होती. तीस दिवसांनी भागले तर रोज पंधरा, म्हणजे ‘तीन’ किलोवॅटला दिवसाला पाच युनिट, तेही बारमाही. २.७ गुणिले चार गुणिले तीस केले की ३२४ येतात. शिवाय तक्त्यात प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजले होते आणि बिल शून्य दाखवले होते. बिल शून्य होत नाही. स्थिर आकार दर महिन्याला येतोच.

‘नेट मीटरिंग समाविष्ट’ या तीन शब्दांत काय काय येते, ते मी दोघांनाही लिहून मागितले. अर्ज, करारनामा, मीटरची चाचणी, तपासणीच्या दिवशी माणूस हजर ठेवणे, हे सगळे कोणी करायचे? मीटरचा किंवा भारवाढीचा काही खर्च निघाला तर तो कोणाचा? आमच्या बिलावर मंजूर भार दोनच किलोवॅट होता आणि संच तीनचा. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती छतासाठी वेगळा तांत्रिक अभ्यास न करता अर्ज मान्य धरायचा आणि लागेल तेवढा भार वाढवून द्यायचा, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे. तरीही पहिल्या कोटेशनच्या अटींमध्ये ‘इतर सर्व शासकीय शुल्क ग्राहकाकडे’ अशी एक ओळ होती आणि तिला रकमेची मर्यादा नव्हती. दुसऱ्याने विचारल्यावर ‘अर्ज ते नेट मीटर बसेपर्यंतचा सर्व खर्च किमतीत समाविष्ट’ असे लिहून दिले.

एक गोष्ट आमच्या ओळखीच्या वायरमन काकांनी सांगितली, ती कोणत्याही कागदावर नव्हती. पॅनेले बसली आणि नेट मीटर अजून आला नाही, अशा मधल्या काळात उत्साहाने संच चालू करायचा नाही. साधा मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा आपण वापरली असे समजून मोजू शकतो, आणि मग बिल कमी होण्याऐवजी वाढते. “बसवणारा म्हणेल चालू करून दाखवतो. पाच मिनिटं दाखव म्हणावं, आणि बंद करून जा म्हणावं,” असे त्यांचे शब्द. ऑन-ग्रिड संच वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, हेही त्यांनीच सासूबाईंना समजावले. तारांवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून धक्का बसू नये म्हणून ती सोय असते. सासूबाईंना वाटत होते की आता लाइट कधी जाणारच नाही. ते हवे असेल तर बॅटरीचा वेगळा संच लागतो, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही.

वॉरंटीचे पान मी शेवटी घेतले. दोन्हींवर ‘२५ वर्षे वॉरंटी’ होते. माझ्या मावसभावाकडे काही वर्षांपूर्वी संच बसला होता आणि त्याच्या एका पॅनेलच्या मागचा पांढरा थर तडकून सुटायला लागला होता. तोही समजत होता की पंचवीस वर्षे आहेत, बदलून मिळेल. मिळाले नाही. त्यामुळे हे पंचवीस कशाचे, ते पाहणे मला भाग होते.

पॅनेलला दोन वेगळ्या वॉरंट्या असतात. एक वस्तूची : काच, चौकट, मागचा थर, जोडणीचा डबा यांत बनावटीचा दोष निघाला तर. दुसरी निर्मितीची : इतक्या वर्षांनी पॅनेल इतके टक्के तरी देईल अशी हमी. पंचवीस वर्षे असतात ती दुसऱ्या प्रकारची. मावसभावाचे पॅनेल दिसायला खराब झाले होते, पण वस्तूची मुदत संपली होती आणि निर्मिती अजून हमीच्या खाली गेल्याचे सिद्ध होत नव्हते.

सिद्ध करणे किती अवघड आहे, ते आकडे मांडल्यावर कळते. दुसऱ्या कोटेशनच्या पॅनेलची हमी अशी होती : पहिल्या वर्षी घट दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पुढे दरवर्षी ०.५५ टक्के. दहाव्या वर्षाअखेर ९३ टक्के, पंचविसाव्या वर्षाअखेर ८४.८ टक्के. समजा दहाव्या वर्षी ५४५ वॅटचे पॅनेल ५०७ ऐवजी ४८० देत असेल, तर आपला दावा खरा आहे. पण ते मोजायचे पुन्हा प्रयोगशाळेच्या पंचवीस अंशांवर आणि ठरलेल्या प्रकाशात. छतावर तापलेले पॅनेल निरोगी असतानाही ४८० च दाखवेल. म्हणून कंपनी पॅनेल उतरवून चाचणीला पाठवायला सांगते, आणि उतरवणे, वाहतूक, चाचणी, परत चढवणे हा खर्च कोणाचा, ते वॉरंटीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. बहुतेक वेळा तो आपला असतो.

यावरून मी ठरवले की पंचवीसच्या आकड्याला फार वजन द्यायचे नाही. वजन द्यायचे ते वस्तूच्या वॉरंटीला. पहिल्या कोटेशनमध्ये ती कुठेच लिहिलेली नव्हती. दुसऱ्यात बारा वर्षे होती. दोघांकडूनही मी त्या नेमक्या मॉडेलची, कंपनीची छापील वॉरंटी मागितली, विक्रेत्याच्या लेटरहेडवरचा सारांश नाही. दुसऱ्याने पाठवली. पहिल्याने तीनदा आठवण करूनही पाठवली नाही, आणि खरे तर माझा निर्णय तिथेच झाला.

पुस्तिकेत दोन जागा मी खूण करून ठेवल्या. वॉरंटी कारखान्यातून माल निघाल्याच्या तारखेपासून सुरू होत होती, बसवल्यापासून नाही. म्हणजे गोदामात वर्षभर पडून राहिलेले पॅनेल आले तर बारातले एक वर्ष आधीच गेलेले. मी ‘पुरवठ्याच्या दिवशी उत्पादनाला सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नसावेत’ अशी ओळ घालून घेतली. दुसरी जागा म्हणजे वॉरंटीसाठी प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक असलेले बिल लागते. नुसते ‘सोलर पॅनेल, नग ६’ असे बिल दहा वर्षांनी कामाला येत नाही. इन्व्हर्टरची वॉरंटी आठ वर्षे होती, सांगाड्याची पाच. योजनेप्रमाणे विक्रेत्याने पाच वर्षे देखभाल करायची असते, त्यात वर्षातून किती भेटी आणि तक्रारीला किती दिवसांत माणूस, तेही लिहून घेतले.

मग एका ओळीवर मी अडले. ‘पॅनेल ५४५ वॅट, डीसीआर, अमुक कंपनी अथवा समतुल्य.’

डीसीआर म्हणजे पॅनेल आणि त्याच्या आतले सेल, दोन्ही भारतात बनलेले. अनुदानासाठी ही अट आहे. आयात केलेले सेल भारतात जोडून केलेले पॅनेल ‘भारतीय’ म्हणून विकले जाते, सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतही असू शकते, पण ते डीसीआर नसते आणि त्याला अनुदान नाही. ते स्वस्तही असते. ‘अथवा समतुल्य’ या दोन शब्दांतून दुसरी कंपनी, कमी वॅट, वेगळी वॉरंटी, काहीही आत येऊ शकते. मग मी आठवडाभर वाचलेल्या पुस्तिकेचा उपयोग काय?

“ताई, माल कधी कधी शॉर्ट असतो, म्हणून सगळेच घालतात,” विक्रेत्याचे उत्तर.

“शॉर्ट असला तर मी थांबेन. बदलायचा असेल तर आधी लेखी विचारा, आणि डीसीआरच हवा.”

त्यांनी ते दोन शब्द काढले आणि त्याखाली लिहिले की डीसीआर प्रमाणपत्रात सहाही अनुक्रमांक असतील.

अनुदानाच्या बाकीच्या अटी वाचताना आमच्या घरातलाच एक जुना प्रश्न वर आला. वीजजोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर होती. ते जाऊन चार वर्षे झाली. बिल दर महिन्याला भरले जात होते, त्यामुळे कोणाला कधी अडले नव्हते. अनुदान मात्र जोडणी ज्याच्या नावावर त्या ग्राहकाच्याच बँक खात्यात येते. कोटेशनमध्ये याबद्दल एकच वाक्य होते : ‘ग्राहकाच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे अनुदान न मिळाल्यास विक्रेता जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य मला अन्यायाचे वाटले नाही. पण ते वाचून गप्प बसलो असतो तर ७८,००० रुपये अडकले असते. आधी वारसाची कागदपत्रे देऊन जोडणी सासूबाईंच्या नावावर करून घेतली, आधार, बँक आणि बिल यांवरचे नाव अक्षरशः जुळते ना ते पाहिले, आणि मगच त्यांच्या नावाने pmsuryaghar.gov.in वर अर्ज भरला. विक्रेता तिथल्या नोंदणीकृत यादीत आहे, तेही तिथेच पाहिले. यादीबाहेरच्याकडून काम केले तर अनुदान मिळत नाही.

पैसे देण्याच्या अटीत आणखी एक गैरसमज दडलेला होता. ‘सबसिडी वजा जाता’ म्हणून ठळक छापलेली रक्कम विक्रेत्याला द्यायची नसतेच. त्याला संपूर्ण २,०१,४६५ द्यायचे असतात, आणि अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर, आपण पोर्टलवर मागणी नोंदवल्यावर, थेट आपल्या खात्यात येते. म्हणजे हाताशी दोन लाखांची तजवीज हवी, सव्वा लाखाची नाही. कोटेशनमध्ये हप्ते होते सत्तर टक्के आगाऊ, वीस टक्के माल आल्यावर, दहा टक्के बसवून झाल्यावर. बसवून झाल्यावर आणि नेट मीटर लागल्यावर यांत कधी कधी महिनाही जातो, आणि शेवटचा हप्ता घेऊन झाल्यावर अर्जामागे धावणारा कोणी उरत नाही. बरीच बोलणी होऊन चाळीस, चाळीस आणि वीस ठरले. शेवटचे वीस नेट मीटर बसून संच सुरू झाल्याचा दाखला मिळाल्यावर.

सहावे पॅनेल कुठे बसणार, याचा आराखडाही कोटेशनला जोडून घेतला. जिन्याच्या खोलीची सावली थंडीत दुपारी तीननंतर पश्चिमेकडच्या कोपऱ्यातून सरकत येते. एकाच ओळीत जोडलेल्या पॅनेलांतल्या एकावर सावली पडली तर बाकीच्यांचीही वीज घटते. त्यांच्या माणसाला साडेतीनला बोलावले, सावलीची कड खडूने आखली आणि सगळी ओळ दोन फूट पूर्वेला सरकवून घेतली.

माल आला त्या दिवशी मी अर्धी रजा काढली. पॅनेले अजून अंगणात भिंतीला टेकून उभी होती. डीसीआर प्रमाणपत्राची प्रत हातात घेऊन प्रत्येकाच्या मागचे लेबल वाचले : वॅट, मॉडेल, उत्पादनाचा महिना, अनुक्रमांक. पाच जुळले. सहाव्यावर ५४० वॅट होते आणि अनुक्रमांक यादीत नव्हता. आणणाऱ्या मुलांना ते माहीतही नव्हते, गोदामातून चुकून दुसऱ्या गठ्ठ्यातले आले होते. एकदा ते सांगाड्यावर चढले असते तर त्याच्या मागचे लेबल पुन्हा कोणी पाहिले नसते. विक्रेत्याला फोन केला, पाचच पॅनेले त्या दिवशी वर गेली, आणि सहावे दोन दिवसांनी आले. सासूबाईंनी चष्मा लावून त्याचा क्रमांक मोठ्याने वाचला, मी यादीवर शेवटची खूण केली आणि मग मुलांनी ते उचलले.